न आलेल्या शिष्यवृत्तीची चौकशी

भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही अनुसूचित जातींच्या अकरावीपासून पुढे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेली योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांपर्यंत असेल तर ती मिळते. महाराष्ट्रात तिचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरला जातो आणि मंजुरी समाज कल्याण विभागाच्या जिल्हा कार्यालयातून, म्हणजे सहायक आयुक्तांकडून मिळते. अर्ज मंजूर झाला, वर्ष सरले आणि तरी खात्यात पैसे आले नाहीत, अशी वेळ दरवर्षी अनेक विद्यार्थ्यांवर येते. मग विद्यार्थी कॉलेजच्या खिडकीशी जाऊन विचारतो, ‘माझी स्कॉलरशिप अजून का आली नाही?’ उत्तर मिळते, ‘समाज कल्याणला विचारा.’ तिथे गेल्यावर ‘बँकेत विचारा’ आणि बँकेत गेल्यावर ‘आमच्याकडे काही आलेलेच नाही’. तिन्ही ठिकाणची माणसे बहुधा खरेच सांगत असतात. अडचण प्रश्नात असते. रक्कम विद्यार्थ्यापर्यंत येताना पाच-सहा हातांतून जाते आणि प्रत्येक हाताला फक्त आपल्यापुरते दिसते. ती शेवटची कुठे दिसली होती हे चौकशी करणाऱ्यानेच सांगितले, तर उत्तर देणाऱ्याला आपल्या नोंदीत नेमके कुठे पाहायचे ते कळते.

त्यासाठी आधी पैशाची वाट माहीत हवी. विद्यार्थी अर्ज भरतो, तो कॉलेजच्या लॉगिनवर जातो. तिथे लिपिक कागदपत्रे तपासतो आणि प्राचार्यांच्या मान्यतेने अर्ज पुढे जातो. काही उणीव असेल तर अर्ज विद्यार्थ्याकडे परत येतो. परत आलेला अर्ज दुरुस्त करून पुन्हा पाठवल्याशिवाय तो एक पाऊलही पुढे सरकत नाही, आणि असा ‘परत आलेला’ अर्ज महिनोन्‌महिने पाहिलाच गेला नाही, हे पैसे न येण्याचे सर्वात साधे आणि सर्वात वाईट वाटणारे कारण असते. कॉलेजनंतर अर्ज जिल्हा कार्यालयाकडे जातो. तिथे मंजुरी मिळाल्यावर देयक तयार होते, निधी उपलब्ध असेल त्याप्रमाणे ते कोषागारातून पारित होते आणि मग रक्कम विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या बँक खात्याकडे निघते.

इथे या योजनेची एक खास गोष्ट येते. शिष्यवृत्तीच्या खर्चात राज्याचा वाटा 40 टक्के आणि केंद्राचा 60 टक्के असतो. 2021-22 पासून हे दोन वाटे विद्यार्थ्याच्या खात्यात वेगवेगळे येतात. आधी राज्य आपला 40 टक्के वाटा देते. त्यानंतर लाभार्थ्यांची माहिती केंद्राकडे जाते आणि केंद्र आपला 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात टाकते. त्यामुळे ‘स्कॉलरशिप आली नाही’ या एका वाक्यात तीन निरनिराळ्या परिस्थिती दडलेल्या असू शकतात: काहीच आले नाही, राज्याचा वाटा आला पण केंद्राचा नाही, किंवा दोन्ही आले पण विद्यार्थ्याला माहीत नसलेल्या खात्यात पडून राहिले. पहिल्या परिस्थितीत अर्जाच्या मंजुरीपासून तपास करावा लागतो. दुसऱ्यात मंजुरी झालीच असणार हे उघड आहे, म्हणून तपास तिच्या पुढच्या टप्प्यांचा करायचा. तिसऱ्या परिस्थितीत कार्यालयात जाण्याची गरजच नसते.

ही तिसरी परिस्थिती वाटते त्याहून जास्त वेळा आढळते, म्हणून ती नीट समजून घेतली पाहिजे. विद्यार्थ्याचा समज असा असतो की अर्जात जो खाते क्रमांक लिहिला तिथेच पैसे येणार. प्रत्यक्षात आधारवर आधारित पद्धतीत रक्कम आधार क्रमांकाच्या पत्त्यावर पाठवली जाते. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे याची एक देशव्यापी नोंदवही भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, सांभाळते. त्या नोंदवहीत आधारसमोर खाते क्रमांक नसतो, फक्त बँकेचे नाव असते. रक्कम त्या बँकेकडे जाते आणि त्या आधारधारकाच्या कोणत्या खात्यात ती जमा करायची हे बँकेच्या स्वतःच्या नोंदीवर ठरते. एका वेळी एका आधारसमोर एकच बँक असते. नव्या बँकेत खाते उघडताना ‘सरकारी अनुदान या खात्यात घ्यायचे आहे’ अशा अर्थाच्या चौकटीत खूण झाली की जुन्या बँकेचे नाव जाऊन नव्या बँकेचे लागते. कॉलेजच्या आवारात बँकेचे प्रतिनिधी येऊन दहा मिनिटांत शून्य शिलकीचे खाते उघडून देतात, किंवा मोबाइलवरच खाते उघडले जाते, तेव्हा ही खूण कधी पडली हे पुष्कळांच्या लक्षातही राहत नाही.

यातून एक जुनी गल्लतही निघते. बँकेत आधार कार्डाची प्रत दिली, बँकेने ती खात्याला जोडली, म्हणजे काम झाले असे समजले जाते. पण खात्याला आधार जोडणे आणि एनपीसीआयच्या नोंदवहीत आधारसमोर बँकेचे नाव लागणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरीला बोलीत ‘आधार सीडिंग’ म्हणतात. खात्याला आधार जोडलेला असूनही सीडिंग नसू शकते, आणि मग कार्यालयाने कितीही वेळा पैसे पाठवले तरी ते फिरून माघारी जातात. बँकेच्या खिडकीवर ‘आधार लिंक आहे का?’ असे विचारले की उत्तर ‘हो’ येते, आणि तेही खरेच असते. विचारायचे असते ते ‘डीबीटीसाठी सीडिंग या बँकेत आहे का?’

हे स्वतः पाहता येते. आधारच्या `myAadhaar` संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून आत गेले की `Bank Seeding Status` या दुव्यावर बँकेचे नाव, सीडिंग चालू आहे की बंद, आणि ते शेवटचे कधी बदलले ती तारीख दिसते. आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन तो जोडून घ्यावा लागतो. या पानावरची तारीख पुढे फार उपयोगी पडते, म्हणून त्या पानाचा छायापट जपून ठेवावा. तिथे दिसणारी बँक ओळखीची नसेल, तर आधी त्या बँकेतले खाते शोधून त्याचे पासबुक भरून घ्यावे. अनेकांची चौकशी इथेच संपते, कारण पैसे तिथे असतात.

तिथेही नसतील तर महाडीबीटीवरची अर्जाची स्थिती पाहायची. विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये `My Applied Scheme` या भागात प्रत्येक वर्षाचा अर्ज, त्याचा `Application ID` आणि सध्याची स्थिती असते. अर्ज कॉलेजच्या किंवा विभागाच्या टेबलावर तपासणीत आहे, परत पाठवला आहे, मंजूर झाला आहे की रक्कम वितरित झाली आहे, हे तिथून कळते. मागच्या वर्षाचा अर्ज पाहताना एक चूक हमखास होते: चालू वर्षाच्या नूतनीकरणाचा अर्ज उघडला जातो आणि त्याचाच क्रमांक पत्रात उतरतो. लिपिक तो क्रमांक टाकून पाहतो, त्याला चालू वर्षाचा अर्ज तपासणीत दिसतो आणि तो तसेच कळवतो. पत्र लिहिणारा मागच्या वर्षाच्या पैशांची वाट पाहत बसतो. म्हणून अर्ज क्रमांकासोबत शैक्षणिक वर्ष लिहिणे कधी टाळू नये.

आता एक उदाहरण पूर्ण पाहू. ते कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण नेहमी घडणारी आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक विद्यार्थिनी आहे. ती घरून ये-जा करते. पदवीच्या अशा अभ्यासक्रमासाठी घरून ये-जा करणाऱ्याला योजनेनुसार वर्षाला 3,000 रुपये शैक्षणिक भत्ता मिळतो. कॉलेजची परत न मिळणारी सक्तीची फी 5,000 रुपये आहे असे धरू. म्हणजे तिला एकूण 8,000 रुपये यायला हवेत: राज्याचा वाटा 3,200 आणि केंद्राचा 4,800. हा साधा हिशेब कागदावर मांडणे ही चौकशीची खरी सुरुवात आहे. किती यायला हवे हे माहीत नसले, तर किती कमी आले हे सांगता येत नाही.

तिने 2023-24 या वर्षाचा अर्ज 12 ऑक्टोबर 2023 रोजी भरला. उत्पन्नाच्या दाखल्याची प्रत अस्पष्ट होती म्हणून तो 20 नोव्हेंबरला परत आला आणि तिने 24 नोव्हेंबरला दुरुस्त करून पाठवला. कॉलेजची मान्यता 8 डिसेंबरला झाली, जिल्हा कार्यालयाची मंजुरी 19 जानेवारी 2024 रोजी. 14 मार्चला तिच्या खात्यात 3,200 रुपये जमा झाले. त्यानंतर काही आले नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजने फीची आठवण केली तेव्हा ती शोध घेऊ लागली.

पासबुक पाहिल्यावर पहिली गोष्ट स्पष्ट झाली: 3,200 हा बरोबर 40 टक्क्यांचा आकडा आहे. म्हणजे राज्याचा वाटा आला, केंद्राचा राहिला. अर्जात चूक, जात प्रमाणपत्राचा प्रश्न, कॉलेजची दिरंगाई या सगळ्या शंका या एका आकड्याने बाजूला झाल्या. मार्चमध्ये सीडिंगही नीट होते, नाहीतर हेही पैसे आले नसते. जे बिघडले ते मार्चनंतर बिघडले असणार.

सीडिंगच्या पानावर दुसऱ्याच एका बँकेचे नाव निघाले आणि बदलाची तारीख 9 एप्रिल 2024. तेव्हा तिला आठवले, कॉलेजात खाते उघडण्याचे शिबिर झाले होते. ते खाते तिने वापरलेच नाही आणि मे महिन्यात बंद केले. खाते बंद झाले, पण नोंदवहीत तिच्या आधारसमोर त्या बँकेचेच नाव राहिले. केंद्राची रक्कम मे महिन्यानंतर निघाली असेल, तर ती बंद खात्याच्या दारावरून परत गेली असणार. पक्के मात्र अजून काहीच म्हणता येत नाही. कदाचित केंद्राची रक्कम निघालीच नसेल.

अशा वेळी पत्र लिहिण्याआधी सीडिंग दुरुस्त करून घ्यावे, हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पत्र दिले आणि कार्यालयाने लगेच रक्कम पुन्हा पाठवली, तर ती पुन्हा त्याच बंद खात्याकडे जाईल, आणि दुसऱ्यांदा परत आलेल्या रकमेचा पाठपुरावा पहिल्यापेक्षा जड जातो. तिने जुन्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमतीचा फॉर्म भरून दिला, त्याची शिक्का मारलेली पोच घेतली आणि काही दिवसांनी संकेतस्थळावर पाहिले. 22 ऑगस्टपासून जुन्या बँकेचे नाव पुन्हा लागले होते. मग तिने पत्र लिहिले.

पत्र कोणाला लिहायचे हेही ठरलेले आहे. अर्ज कॉलेजमधून गेलेला असतो, म्हणून पत्र सहायक आयुक्तांच्या नावे असले तरी ते प्राचार्यांमार्फत द्यावे. कॉलेजच्या शिक्क्यामुळे विद्यार्थी त्या वर्षी खरोखर शिकत होता याची खात्री आपोआप होते आणि जिल्हा कार्यालयाला ती पुन्हा मागवावी लागत नाही. कॉलेजला उशीर होईल असे वाटले तर त्याच पत्राची आगाऊ प्रत थेट कार्यालयात द्यावी आणि तिच्यावर ‘आगाऊ प्रत’ असे लिहावे. तिचे पत्र असे होते:

दिनांक 26 ऑगस्ट 2024

प्रति, मा. सहायक आयुक्त, समाज कल्याण, लातूर
मार्फत: मा. प्राचार्य

विषय: भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, वर्ष 2023-24, केंद्र हिश्शाची रु. 4,800 रक्कम जमा न झाल्याबाबत

महोदय/महोदया,

मी वरील वर्षी बी.एस्सी. द्वितीय वर्षात शिकत होते. माझ्या महाडीबीटी अर्जाचा क्रमांक सोबतच्या छापील प्रतीवर आहे. अर्ज 12/10/2023 रोजी भरला, 20/11/2023 रोजी परत आला व 24/11/2023 रोजी दुरुस्त करून पाठवला. महाविद्यालयाची मान्यता 08/12/2023 रोजी व आपल्या कार्यालयाची मंजुरी 19/01/2024 रोजी झाल्याचे संकेतस्थळावर दिसते.

राज्य हिश्शाचे रु. 3,200 दिनांक 14/03/2024 रोजी माझ्या खात्यात जमा झाले. केंद्र हिश्शाचे रु. 4,800 आजपर्यंत जमा झालेले नाहीत.

माझे आधार सीडिंग 09/04/2024 रोजी अन्य बँकेत गेले होते व ते खाते मे 2024 मध्ये बंद झाले. आता 22/08/2024 पासून सीडिंग पूर्वीच्याच बँकेत सुरू आहे. आधारचे शेवटचे चार अंक व बँकेची पोच सोबत जोडली आहे.

तरी कृपया पुढील माहिती मिळावी: केंद्र हिश्शासाठी माझे नाव पाठवले गेले आहे काय, असल्यास रक्कम कोणत्या तारखेस पाठवली गेली, ती परत आली असल्यास कोणत्या कारणाने. रक्कम परत आली असल्यास ती पुन्हा पाठवण्याबाबत कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
(सही, नाव, मोबाइल क्रमांक)

सोबत: अर्जाची छापील प्रत, पासबुकाचे पहिले पान व मार्च ते ऑगस्टची नोंद, सीडिंग स्थितीची प्रत, बँकेची पोच, बोनाफाइड.

या पत्रात घरची परिस्थिती नाही, आर्जव नाही, कोणावर ठपकाही नाही. परिस्थिती बिकट असते, हे खरेच. पण ज्या टेबलावर हे पत्र उघडले जाते तिथल्या माणसाला हवा असतो तो क्रमांक आणि तारखा, आणि त्या पहिल्या दहा ओळींत मिळाल्या तर तो तिथल्या तिथे संगणकावर पाहू शकतो. आणखी एक गोष्ट अशी की पत्रात तीन प्रश्न आहेत आणि तिन्हींची उत्तरे कार्यालयाच्या नोंदीत हो, नाही, तारीख किंवा कारण अशा रूपात सापडतात. ‘माझ्या शिष्यवृत्तीचे काय झाले ते कळवावे’ या प्रश्नाला ‘कार्यवाही सुरू आहे’ असे उत्तर देता येते. ‘रक्कम कोणत्या तारखेस पाठवली’ याला ते देता येत नाही.

तारखांचे काम इथे पुरावा देण्याहून मोठे आहे. दोन तारखा शेजारी ठेवल्या की कारण दिसते. रक्कम जूनमध्ये पाठवली होती असे उत्तर आले, तर खाते मे महिन्यात बंद झाल्याचे पत्रातच आहे. कारण वेगळे शोधायला नको. उत्तर आले की रक्कम 25 एप्रिलला गेली, तर तेव्हा नवे खाते अजून चालू होते, आणि पैसे तिथे जमा होऊन खाते बंद करताना शिल्लक म्हणून तिच्या हाती आले असण्याचीही शक्यता उरते. मग त्या बँकेकडून खात्याचा उतारा मागवावा लागेल. आणि रक्कम पाठवलीच नाही असे कळले, तर खात्याचा प्रश्न नव्हताच. नाव केंद्राच्या यादीत गेले की नाही याचा शोध कार्यालयाने घ्यायचा. म्हणूनच आपल्या बाजूची चूक, इथे बंद खात्याची, लपवण्यात तोटा आहे. ती तारखेसह सांगितली की उत्तर लवकर मिळते.

परत आलेल्या रकमेची कारणे थोडीच असतात आणि प्रत्येकाचा उपाय ठरलेला असतो. आधारसमोर कोणतीच बँक नाही असे कारण असेल तर सीडिंग करून घ्यायचे. खाते बंद असेल तर सीडिंग चालू खात्याच्या बँकेत न्यायचे. खाते निष्क्रिय असेल, म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने त्यात काही व्यवहारच केला नसेल, तर बँकेत ओळखीची कागदपत्रे पुन्हा देऊन ते सुरू करून घ्यायचे. आधारवरचे आणि बँकेतले नाव जुळत नसेल तर मात्र वेळ लागतो. लग्नानंतर बदललेले नाव किंवा वडिलांचे नाव एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे यांनी हा घोळ होतो, आणि दुरुस्ती आधी आधारमध्ये, मग बँकेत अशा क्रमाने करावी लागते. कोणत्याही कारणाने परत आलेली रक्कम अडचण दूर होताच आपोआप पुन्हा निघेल यावर विसंबू नये. ती पुन्हा पाठवण्यासाठी कार्यालयाकडून कार्यवाही व्हावी लागते, आणि म्हणून पत्रातले शेवटचे वाक्य आवश्यक आहे.

पत्रात पूर्ण आधार क्रमांक लिहू नये. शेवटचे चार अंक पुरतात, कारण कार्यालयाला अर्ज क्रमांकावरून बाकीचे सगळे दिसते. महाडीबीटीचा पासवर्ड किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, मदत करणाऱ्या नेटकॅफेवाल्यालाही नाही. पुष्कळ विद्यार्थ्यांच्या अर्जात मोबाइल क्रमांकच नेटकॅफेचा किंवा एखाद्या नातेवाइकाचा असतो आणि अर्ज परत आल्याचा संदेश तिकडेच जातो. चौकशीच्या निमित्ताने तो बदलून घेणे शहाणपणाचे.

पत्र दिल्यावर हातात काय उरते हे पाहिले पाहिजे. आवक कक्षात पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. पुढचे प्रत्येक बोलणे त्या क्रमांकावरून होते. ‘मी मागच्या महिन्यात येऊन गेले’ हे कोणाला आठवत नाही; ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक 27 ऑगस्ट’ म्हटले की नोंदवही उघडली जाते. पत्रासोबतच महाडीबीटीच्या तक्रारीच्या भागातही तीच माहिती थोडक्यात नोंदवावी आणि मिळालेला तक्रार क्रमांक जपावा. तिथे लांब मजकूर उपयोगाचा नसतो. वर्ष, अर्ज क्रमांक, न आलेली रक्कम, सीडिंग सुरू झाल्याची तारीख आणि कार्यालयातला आवक क्रमांक, इतके पुरते.

महिनाभर उत्तर आले नाही तर स्मरणपत्र द्यावे. त्यात जुनी हकीकत पुन्हा लिहायची नाही. आधीच्या पत्राचा आवक क्रमांक आणि तारीख देऊन पहिल्या पत्राची प्रत जोडायची. राहिलेली रक्कम केंद्राच्या वाट्याची आहे हे ठरले असेल, तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारणाच्या `pgportal.gov.in` या संकेतस्थळावर सामाजिक न्याय मंत्रालयाकडेही तक्रार नोंदवता येते. मात्र राज्याचा वाटाच आलेला नसताना तिथे गेल्यास तक्रार राज्याकडे वळवली जाते आणि मधला वेळ फुकट जातो.

यानंतरही काही कळले नाही तर माहिती अधिकार कायदा, 2005 याचा अर्ज करता येतो. शुल्क दहा रुपये असते. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नसते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत असावा लागतो. या अर्जाची भाषा तक्रारीच्या पत्रापेक्षा वेगळी असते. ‘पैसे का दिले नाहीत’ असा सवाल इथे चालत नाही, कारण कायदा कार्यालयाकडे असलेली नोंद मिळवून देतो, खुलासा मिळवून देत नाही. म्हणून मागायचे ते असे: ‘अर्ज क्रमांक अमुक, वर्ष 2023-24, यावर झालेल्या कार्यवाहीची टप्प्यानिहाय तारखांसह माहिती, केंद्र हिश्शासाठी पाठवलेल्या यादीतील या अर्जाच्या नोंदीची प्रत, रक्कम परत आल्याच्या नोंदीची प्रत, माझ्या दिनांक अमुकच्या पत्रावर झालेल्या टिप्पणीची प्रत.’ उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत असते. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवण्याची जबाबदारी माहिती अधिकाऱ्याची असते. मुदतीत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे असल्यास पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. व्यवहारात असे दिसते की अपिलापर्यंत जाण्याची वेळ थोड्यांवरच येते. टप्प्यानिहाय तारखा लेखी द्यायच्या म्हटल्या की अर्ज कोणाला तरी उघडून पाहावाच लागतो, आणि अडकलेली गाठ तेव्हाच सापडते.

ही सगळी वाट चालत असताना कॉलेजच्या फीचा प्रश्न बाजूला उभाच असतो. या योजनेत फीची रक्कमही विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती आल्यापासून सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. उदाहरणातल्या विद्यार्थिनीला मार्चमध्ये आलेल्या 3,200 पैकी 2,000 रुपये फीच्या वाट्याचे आणि 1,200 भत्त्याचे होते. तिने ते 2,000 तेव्हाच भरून पावती घेतली असेल, तर कॉलेजची बाकी 3,000 इतकीच उरते आणि ती केंद्राच्या वाट्यात अडकली आहे हे शिक्का मारलेल्या पत्राच्या प्रतीवरून दाखवता येते. आलेले पैसे घरखर्चात गेले असतील, तर मात्र कॉलेजपुढे तिची बाजू दुबळी होते आणि तिच्या पत्रावर शिक्का मारायलाही टाळाटाळ होऊ शकते. प्राचार्यांकडे फीसाठी मुदत मागताना तोंडी बोलण्यापेक्षा त्याच पत्राची प्रत जोडून चार ओळींचा अर्ज दिलेला बरा.

तिच्या बाबतीत जिल्हा कार्यालयातून कळले की रक्कम जूनमध्ये निघाली होती आणि ‘खाते बंद’ या कारणाने परत आली. तिचे नाव पुन्हा पाठवायच्या यादीत घातले गेले. ऑक्टोबरच्या शेवटी 4,800 रुपये जुन्या खात्यात आले. त्यातले 3,000 फीचे आणि 1,800 भत्त्याचे. तिने फी भरली, पावतीची प्रत शिष्यवृत्तीच्या लिपिकाकडे दिली आणि महाडीबीटीवरची तक्रार पासबुकात नोंद उमटल्यानंतरच बंद केली.